जुनी जागा, नवी सोडत

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत दरवर्षी मे महिन्यात पार्किंगची सोडत निघते. आदर्श उपविधींमध्ये जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप करा, असं सांगितलंय. आमच्याकडे गाड्या एकशेवीस आणि जागाही एकशेवीसच, म्हणजे कमी पडत नाहीत. पण सगळ्या जागा सारख्या नाहीत. स्टिल्टमधल्या काही जागा खांबाला इतक्या चिकटून आहेत की ड्रायव्हरला दुसऱ्या बाजूच्या दारातून उतरावं लागतं. पोडियमखाली एका ओळीत स्लॅब गळतो आणि ते चुन्याचं पाणी बॉनेटवर सुकलं की पांढरे डाग उरतात, ते पॉलिशनेही नीट जात नाहीत. एकाच माणसाने कायम ते का सोसायचं, म्हणून सर्वसाधारण सभेने ठराव करून दरवर्षी जागा फिरवायचं ठरवलं.

यंदाची सोडत झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मजल्यावरचे काका यादी घेऊन माझ्या दारात उभे. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्याकडे येतात, आणि आल्या की मला मनापासून आवडतं.

"मॅडम, हे बघा. तीन जणांना गेल्या वर्षीचीच जागा पुन्हा मिळालीय. आणि त्यातले एक कोण? सेक्रेटरी! मी हिशेब केलाय. एकशेवीस जागा. एकाला स्वतःचीच जागा मिळायची शक्यता एकशेवीसात एक. तिघांना मिळायची म्हणजे एकशेवीस गुणिले एकशेवीस गुणिले एकशेवीस. सतरा लाखांत एक! हे काय आपोआप होतं?"

काका बँकेतून निवृत्त झालेले, आकड्यांना न घाबरणारे. गुणाकार बरोबर होता: 17 लाख 28 हजार. पण हे उत्तर एका वेगळ्याच प्रश्नाचं होतं. सोडतीच्या आधीच तीन फ्लॅटची नावं घेऊन "याच तिघांना जुनी जागा मिळेल" असं कुणी सांगितलं असतं, तर त्याची शक्यता साधारण इतकी छोटी आली असती. काकांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी निकाल लागल्यावर यादी तपासली आणि कुणाकुणाला जुनी जागा मिळाली ते शोधलं. मग विचारायला हवं ते असं: प्रामाणिक सोडतीत, कुणाला का होईना, पण किती जणांना जुनीच जागा मिळेल अशी अपेक्षा धरावी?

हा प्रश्न तीनशे वर्षांहून जुना आहे. फ्रान्समधल्या प्येर रेमों द मॉन्मॉर यांनी 1708 साली छापलेल्या पुस्तकात तो पत्त्यांच्या रूपात मांडला. तेरा पत्ते पिसायचे, एक, दोन, तीन असं तोंडाने म्हणत एकेक उलटायचा, आणि बोललेला आकडा नि उलटलेला पत्ता जुळतो का ते पाहायचं. पुढे पाठ्यपुस्तकांत त्याचा टोप्यांचा प्रश्न झाला: पाहुण्यांनी दारात टोप्या ठेवल्या, परत देताना त्या वाटेल तशा वाटल्या गेल्या, तर किती जणांना स्वतःची टोपी मिळेल? आमच्या सोडतीत फ्लॅट म्हणजे पाहुणे आणि गेल्या वर्षीची जागा म्हणजे टोपी, इतकंच.

सरळ वाटेने गेलं तर हा प्रश्न त्रास देतो. शून्य जुळण्याची शक्यता काढा, मग नेमकी एक जुळण्याची, मग दोन, मग तीन, प्रत्येकीला त्या संख्येने गुणा आणि बेरीज करा. यातली प्रत्येक शक्यता काढायला बरंच मोजावं लागतं, कारण एकाने दुसऱ्याची जागा घेतली की त्या दुसऱ्याचा मार्ग तिथेच बंद होतो. सगळे एकमेकांत अडकलेले.

आडवाट फार सुंदर आहे. जुळलेल्यांची एकूण संख्या क्षणभर विसरायची आणि एकेका फ्लॅटकडे स्वतंत्रपणे बघायचं. प्रत्येक फ्लॅटच्या नावाने एक चल घ्यायचा: त्याला जुनीच जागा मिळाली तर 1, नाही तर 0. याला इंडिकेटर किंवा दर्शक चल म्हणतात. त्याला बाकी काहीच कळत नाही, फक्त हो किंवा नाही. पण सगळ्या फ्लॅटचे हे शून्य-एक मिळवले की बेरीज म्हणजेच जुळलेल्यांची संख्या. काकांच्या यादीत तीन ठिकाणी 1 होता, बाकी सगळीकडे 0.

शून्य-एक घेणाऱ्या चलाचं अपेक्षित मूल्य, म्हणजे पुष्कळ सोडतींमधली त्याची सरासरी, काढायला काही कष्ट नाहीत. ते म्हणजे 1 येण्याची शक्यता, बस. n जागा असतील तर एका फ्लॅटला कोणतीही जागा सारख्याच शक्यतेने मिळते, म्हणून जुनी मिळण्याची शक्यता 1/n.

इथे काका अडले, आणि बहुतेक जण इथेच अडतात. "पहिली चिठ्ठी निघणाऱ्याचं ठीक आहे. पण शेवटी ज्याचा नंबर लागतो त्याचं काय? तोवर त्याची जागा कुणीतरी नेलेलीसुद्धा असेल की!" असेल ना. बहुतेक वेळा नेलेलीच असेल. पण नेली गेली नाही तर डब्यात उरलेली एकमेव चिठ्ठी त्याचीच, आणि मग ती मिळणार हे नक्की. चार फ्लॅट घेऊन बघू. चौथ्याची जागा पहिल्या उचलीत वाचण्याची शक्यता 3/4, दुसऱ्या उचलीत वाचण्याची 2/3, तिसऱ्या उचलीत 1/2. गुणाकार केला की 3 ला 3 आणि 2 ला 2 कटतात, उरतो 1/4. पहिल्याचीही शक्यता 1/4 च होती. रांगेत कुठेही उभे राहा, फरक नाही. म्हाडा-सिडकोच्या सोडतीत सुद्धा "आमचा नंबर उशिरा निघाला" म्हणून हळहळणारे भेटतात, त्यांच्यासाठीही हाच गुणाकार.

आता बेरीज. जुळलेल्यांची संख्या X, एकेका फ्लॅटचा चल X₁, X₂ असा, आणि E म्हणजे अपेक्षित मूल्य. n फ्लॅट, प्रत्येकाचं अपेक्षित मूल्य 1/n, म्हणून

E[X] = E[X₁] + E[X₂] + … + E[Xₙ] = n × (1/n) = 1

चार फ्लॅट असोत, एकशेवीस असोत की बारा हजार, अपेक्षित उत्तर एक. माणसं वाढली की प्रत्येकाची शक्यता नेमकी त्याच प्रमाणात घटते, आणि दोन्हींची फिटंफाट होते. मी हे वर्गात दरवर्षी शिकवते, आणि दरवर्षी फळ्यावर तो n खाली-वर कटताना पाहून मला बरं वाटतं.

काका मात्र गप्प बसणारे नव्हते. "अहो, पण हे फ्लॅट एकमेकांवर अवलंबून आहेत असं तुम्हीच म्हणालात. मग अशी सरळ बेरीज कशी चालेल?"

फार चांगली शंका. शक्यतांचा गुणाकार करायचा असेल तर स्वतंत्रता लागते. काकांनी एकशेवीसचा तीन वेळा गुणाकार केला तिथे ती लागत होती. अपेक्षित मूल्यांच्या बेरजेला ती लागत नाही, कधीच लागत नाही, आणि या पद्धतीचा सगळा जोर यातच आहे. सर्वांत टोकाचं उदाहरण दोन फ्लॅटचं. दोनच गाड्या, दोनच जागा. एकाला जुनी मिळाली की दुसऱ्याला जुनीच मिळणार, एकाची बदलली की दुसऱ्याचीही बदलणार. याहून घट्ट बांधलेले दोन चल सापडायचे नाहीत. निकाल एक तर शून्य, नाही तर दोन, दोन्हींची शक्यता अर्धी-अर्धी. सरासरी एक. गंमत म्हणजे नेमका एक जण जुळणं इथे शक्यच नाही, तरी अपेक्षित मूल्य एक आहे. ते "बहुधा असं होईल" असं सांगत नाही, ते पुष्कळ सोडतींची सरासरी सांगतं.

तरी काकांच्या चेहऱ्यावर पूर्ण समाधान दिसेना, म्हणून मी वहीत चार फ्लॅटचा तक्ता मांडायला घेतला. चार जागा चार फ्लॅटना वाटायचे 24 प्रकार. प्रत्येक प्रकाराची एक ओळ, प्रत्येक फ्लॅटचा एक स्तंभ, आणि जुळलं तिथे 1. ओळीओळीने मोजलं तर 9 ओळींत एकही 1 नाही, 8 ओळींत एकेक, 6 ओळींत दोन-दोन, आणि एका ओळीत चारही. तिघे जुळलेली ओळ नाहीच, कारण तिघे आपापल्या जागी बसले की चौथ्याला त्याचीच जागा उरते. एकूण 8 अधिक 12 अधिक 4, म्हणजे 24 एकक. हेच उभं मोजा. एका फ्लॅटला त्याची जागा देऊन टाकली की उरलेल्या तिघांच्या वाटपाचे 6 प्रकार, म्हणून प्रत्येक स्तंभात सहा एकक. चार स्तंभ, पुन्हा 24. आणि ओळी 24. सरासरी एक.

"म्हणजे खतावणीसारखं," काका म्हणाले, "आडवी बेरीज आणि उभी बेरीज जुळलीच पाहिजे." अगदी तसंच. ओळींमध्ये फ्लॅट एकमेकांत कितीही गुंतलेले असू देत, उभी बेरीज करताना एका वेळी एकच स्तंभ डोळ्यांपुढे असतो, आणि त्या स्तंभाला शेजारच्या स्तंभाचं काही देणंघेणं नसतं. त्या क्षणी काकांच्या मनातलं काहीतरी जागेवर बसलं, ते त्यांच्या पेन ठेवण्यावरून कळलं.

पण मग प्रकरण उलट काकांच्या बाजूने गेलं. "अपेक्षित एक, आणि निघाले तीन. म्हणजे गडबड आहेच!"

इथे मला त्यांना सोडत कशी काढली ते पुन्हा आठवायला सांगावं लागलं. आमच्याकडे स्टिल्टचे 60, पोडियमचे 40 आणि उघड्यावरचे 20 अशा तीन वेगळ्या सोडती निघतात, कारण तिन्हींचे महिन्याचे पैसे वेगळे आहेत आणि सभासद आपल्या गटातच फिरतात. आता इंडिकेटर पुन्हा मांडा. स्टिल्टमधल्या प्रत्येकाची शक्यता 1/120 नाही, 1/60 आहे, आणि असे 60 जण, म्हणून अपेक्षित एक. पोडियममध्ये 40 वेळा 1/40, पुन्हा एक. उघड्यावर 20 वेळा 1/20, आणखी एक. एकूण अपेक्षित तीन. जुळणाऱ्यांची अपेक्षित संख्या किती माणसं आहेत यावर ठरत नाही, किती सोडती काढल्या यावर ठरते. यंदा स्टिल्टमध्ये दोन जुळले, पोडियममध्ये एक, उघड्यावर एकही नाही. बेरीज तीन. अपेक्षेइतकीच.

सरासरीवरून शंका फिटत नाही, हे मात्र खरं. तीन अपेक्षित असताना सात निघाले तर काय म्हणायचं, हे सांगायला पसारा किती तेही माहीत हवं. तो ठरवताना फ्लॅटचं एकमेकांवरचं अवलंबन मोजावंच लागतं, आणि मोजलं की उत्तर पुन्हा देखणं येतं: एका सोडतीत जुळणाऱ्यांचं प्रचरण, म्हणजे हा पसारा मोजणारा आकडा, सुद्धा 1 च. जागा बऱ्यापैकी असतील तर एकही न जुळण्याची शक्यता जवळपास 1/e, म्हणजे सुमारे 37 टक्के, नेमका एक जुळण्याचीही तितकीच, दोन जुळण्याची तिच्या निम्मी. एकशेवीस गाड्यांची एकच सोडत असती तर तीन किंवा जास्त जुळण्याची शक्यता साधारण 8 टक्के आली असती, म्हणजे भुवया उंचावण्याजोगी, पण आरोप करण्याजोगी नाही. आमच्या तीन सोडती एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. त्यांत मिळून तीन किंवा जास्त जुळण्याची शक्यता 58 टक्क्यांच्या आसपास. असं न होण्यापेक्षा होण्याचीच जास्त. सतरा लाखांत एक ते निम्म्याहून अधिक, एवढा फरक फक्त प्रश्न नीट विचारल्याने पडला. सात किंवा जास्त निघाले असते तर ती शक्यता तीन टक्क्यांच्या जराशी वर, आणि मग मीही काकांबरोबर सेक्रेटरींकडे गेले असते.

गेले असते, पण आरोप घेऊन नव्हे. आधी डबे बघितले असते. कारण जुळणाऱ्यांची संख्या फुगायला कुणी लबाडी करावी लागत नाही, आळस पुरतो. आमच्याकडे प्रत्येक गटाला दोन स्टीलचे डबे असतात, एकात फ्लॅट नंबर, दुसऱ्यात जागेचा नंबर, आणि दोन मुलं एकाच वेळी एकेक चिठ्ठी उचलतात. चिठ्ठ्या येतात कुठून? गेल्या वर्षीच्या यादीची प्रिंट काढायची, त्यात एका रकान्यात फ्लॅट, शेजारच्यात जागा, आणि कात्रीने पट्ट्या कापायच्या. म्हणजे दोन्ही डब्यांत चिठ्ठ्या पडतात त्या त्याच क्रमाने, गेल्या वर्षीच्या जोड्या समोरासमोर. डबा दोनदा हलवून सोडत सुरू केली आणि मुलांनी वरवरच्या उचलल्या, तर दोन्हींकडून यादीतल्या जवळजवळच्या ओळी निघत राहतात. मग प्रत्येकाची शक्यता 1/60 राहत नाही, वाढते, आणि सगळा हिशेब त्या एका गृहीतावर उभा होता. अमेरिकेत डिसेंबर 1969 मध्ये सैन्यभरतीची सोडत निघाली तेव्हा असंच झालं. जन्मतारखांच्या कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या, नीट मिसळल्या नाहीत, आणि वर्षअखेरच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे नंबर प्रमाणाबाहेर लवकर लागले.

असं झालंय का ते ओळखता येतं. जुळलेल्यांबरोबर जवळपास जुळलेलेही मोजायचे: किती जणांना गेल्या वर्षीच्या यादीत आपल्या लगेच खालच्या ओळीत असलेल्याची जागा मिळाली? शेवटच्या ओळीच्या खाली पहिली धरली तर प्रत्येकासाठी अशी जागा एकच, शक्यता 1/n, आणि बेरीज पुन्हा एक. एका सोडतीत अशा शेजारी-जागा पाच-सहा दिसल्या तर चिठ्ठ्या मिसळलेल्याच नाहीत. आम्ही दोघांनी यंदाच्या याद्या घेऊन बसून मोजल्या. तिन्ही गटांत मिळून चार निघाल्या, अपेक्षित तीन. ठीक आहे.

राहिले सेक्रेटरी. त्यांना एकट्याला जुनी जागा मिळण्याची शक्यता 1/60, आणि काका त्यावरच बोट ठेवून होते. मी विचारलं, खजिनदारांना मिळाली असती तर तुम्ही आला नसता? चेअरमनना? काका म्हणाले, आलो असतो. मग समितीच्या सगळ्यांचे इंडिकेटर मिळवायला हवेत. सात जणांपैकी पाच स्टिल्टमध्ये, दोन पोडियममध्ये: 5/60 अधिक 2/40, म्हणजे 8/60. समितीतला कुणीतरी जुळण्याची शक्यता सात-आठ वर्षांतून एकदा. दुर्मीळ थोडंसं, पण आपल्या आयुष्यात घडणारं.

खरं सांगायचं तर कुणाला लबाडी करायचीच असेल तर तो आपली जुनी जागा कशाला मागेल? तो लिफ्टजवळची मागेल. जुळणाऱ्यांची संख्या मोजून ती लबाडी कधीच दिसणार नाही. त्यासाठी इंडिकेटर बदलावा लागतो: समितीतल्या सभासदाला लिफ्टजवळची जागा मिळाली तर 1. स्टिल्टमध्ये लिफ्टजवळच्या जागा 12, म्हणून प्रत्येकाची शक्यता 12/60, असे पाच जण, अपेक्षित एक. यंदा दोघांना मिळाल्यात. एका वर्षात दोन म्हणजे काहीच नाही. पाच वर्षांच्या याद्या मिळाल्या आणि दरवर्षी समितीतले पाच जण स्टिल्टमध्ये असले, तर अपेक्षित पाच, आणि प्रमाण विचलन, म्हणजे त्या पाचपासूनचा नेहमीचा चढउतार, सुमारे दोन. आठ-नऊपर्यंत मी काही बोलणार नाही, अकरा निघाले तर सभेत उभी राहून विचारेन. काकांनी जुन्या याद्यांसाठी कमिटीला अर्ज दिलाय, पोच घेतलीय, आणि त्यात लिफ्टजवळच्या बारा जागांचे नंबर आत्ताच लिहून दिलेत, म्हणजे याद्या हातात आल्यावर "जवळ" कशाला म्हणायचं ते कुणाला आपल्या सोयीने ठरवता येणार नाही.